हँडबॉल: सहा मीटरची रेषा आणि रेफरीचा वर गेलेला हात (नव्या खेळाडूंचे नेहमीचे प्रश्न)

शालेय स्पर्धांमध्ये 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या गटांत हँडबॉल खेळला जातो, त्यामुळे दरवर्षी नवी मुलंमुली या खेळाकडे येतात. बॉल घेऊन तीन पावलं, तीन सेकंद, मग टप्पा, पास किंवा शॉट, हे त्यांना लवकर समजतं. अडतात ती दोन जागी: गोलपुढच्या ‘डी’मध्ये कोणाला काय चालतं, आणि कोणी फाऊल केलेला नसताना रेफरी बॉल दुसऱ्या संघाला का देतो. मैदानावर मला सर्वात जास्त विचारले जाणारे प्रश्न या दोनच गोष्टींवरचे असतात. उत्तरं आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघाच्या नियमांप्रमाणे दिली आहेत.

आधी मैदान समजावून सांगाल का?

मैदान 40 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद असतं. प्रत्येक संघाचे सात जण आत असतात, त्यांतला एक गोलकीपर. गोल 3 मीटर रुंद आणि 2 मीटर उंच. गोलपासून 6 मीटरवर जी अखंड रेषा वळत जाते, तिच्या आतला भाग म्हणजे गोलक्षेत्र. आपल्याकडे सगळे त्याला डी म्हणतात. रेषा स्वतः डीमध्येच धरली जाते, हे पहिल्याच दिवशी डोक्यात बसवा. 9 मीटरवरची तुटक रेषा फ्री थ्रोसाठी, म्हणजे साध्या नियमभंगानंतर समोरच्या संघाला मिळणाऱ्या थ्रोसाठी. मध्ये 7 मीटरवर एक छोटी आडवी रेघ असते, तिथून पेनल्टी मारतात. आणि 4 मीटरवर जेमतेम 15 सेंटिमीटरची एक खूण असते ती गोलकीपरसाठी: समोरचा खेळाडू पेनल्टी मारत असताना बॉल त्याच्या हातातून सुटेपर्यंत कीपरने त्या खुणेच्या पुढे यायचं नाही.

डीमध्ये फक्त गोलकीपर जाऊ शकतो ना? मग विंगर हवेतून आत उडी मारून गोल करतो, तो कसा चालतो?

कारण डीचा नियम जमिनीला लागतो, हवेला नाही. एवढं एक वाक्य नीट समजलं तर या पानावरचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

खेळाडू डीबाहेरून उडी घेतो. त्याचा शेवटचा पाय रेषेच्या बाहेर होता, रेषेला लागला नव्हता. तो डीच्या वर हवेत असताना बॉल हातातून सोडतो आणि मग आत पडतो. बॉल आधी सुटला, पाय नंतर टेकला, म्हणून गोल ग्राह्य. उलट पाय आधी टेकला आणि बॉल नंतर सुटला, तर गोल नाही. बॉल गोलकीपरला मिळतो आणि तो डीमधून गोलकीपर थ्रो करतो. उडी घेतानाच बूट रेषेला लागला असेल तरी निर्णय तोच.

सरावात हे तपासायचं असेल तर एका मित्राला रेषेच्या सरळीत बाजूला बसवा आणि त्याने बॉलकडे अजिबात बघू नये, फक्त उडी घेणारा पाय बघावा. नवख्या खेळाडूचा पाय रेषेवर पडतो तो बहुतेक वेळा धाव एक पाऊल उशिरा सुरू केल्यामुळे. उडी कमी पडते हे कारण क्वचितच असतं. म्हणून धाव कुठून सुरू करायची ती जागा बदला.

याच नियमाचा सर्वात देखणा वापर जर्मन खेळाडू बर्नहार्ड केम्पा याच्या नावाने ओळखला जातो. एक जण बॉल डीच्या वर अलगद उडवतो, दुसरा बाहेरून उडी मारून तो हवेतच पकडतो आणि जमिनीवर येण्याआधी मारतो. संपूर्ण चाल डीच्या वर घडते आणि तरी डीचा नियम कुठेच मोडत नाही.

डीमधला बॉल कोणाचा?

इथेही जमीन आणि हवा हाच हिशोब. बॉल डीमध्ये जमिनीवर थांबला असेल तर तो गोलकीपरचा. तो जमिनीवरून घरंगळत असेल तर बाकी कोणीही त्याला हात लावायचा नाही. हल्ला करणाऱ्याने रेषेबाहेर उभं राहून, वाकून तसा बॉल उचलला तर गोलकीपर थ्रो. बचाव करणाऱ्याने उचलला तर त्याच्या संघाविरुद्ध फ्री थ्रो. “पण सर, माझे पाय बाहेर होते” हे कारण इथे चालत नाही, कारण बॉल आत जमिनीवर होता.

बॉल डीच्या वर हवेत असेल तर मात्र तो सगळ्यांचा. उसळणारा बॉलही दोन टप्प्यांच्या मध्ये हवेतच असतो, त्यामुळे कीपरच्या हाताला लागून वर उडालेला बॉल हल्ला करणाऱ्याने डीबाहेरून उडी मारून पकडला आणि हवेतच मारला तर गोल धरला जातो. याला एक अपवाद आहे: गोलकीपर थ्रो होत असताना बॉल रेषा पूर्ण ओलांडेपर्यंत समोरच्या संघाने त्याला हात लावायचा नाही. रेषेला चिकटून उभं राहायला हरकत नाही.

बॉलशिवाय डीमध्ये पाय पडला तर लगेच शिट्टी वाजते का?

नाही. रेफरी एकच गोष्ट बघतो: आत गेल्यामुळे त्या खेळाडूला फायदा झाला का? शॉट मारून आत पडला आणि कोणाच्याही आड न येता बाहेर आला, तर काही नाही. गर्दीत ढकलाढकलीने पाऊल आत गेलं आणि बॉल तेव्हा दुसऱ्या टोकाला होता, तरी काही नाही.

फायदा कसा दिसतो ते पिव्हटकडे बघून कळतं. पिव्हट म्हणजे समोरच्या बचावाच्या भिंतीत, 6 मीटरच्या रेषेला लागून उभा राहणारा हल्लेखोर. त्याला डाव्या बाजूने उजवीकडे जायचं आहे, पण मध्ये दोन बचावपटू उभे आहेत. तो त्यांच्या मागून, डीमधून दोन पावलं टाकून पलीकडे निघतो आणि मोकळा होऊन पास घेतो. बॉल हातात नसला तरी आत गेल्यामुळेच तो मोकळा झाला, म्हणून गोलकीपर थ्रो.

बचाव करणारे मागे सरकत डीमध्ये उभे राहिले तर?

शालेय सामन्यांत हे सतत होतं. समोरून जोरात हल्ला आला की घाबरलेला बचावपटू एक पाऊल मागे टाकतो, आणि मागे डी असते. रेषेवर नुसता बूट घासला तर रेफरी सोडून देतो. नियम मोडला असं धरायला स्पष्टपणे आत पाऊल पडलेलं असावं लागतं. तसं आत जाऊन त्याने फायदा मिळवला तर हल्ला करणाऱ्या संघाला फ्री थ्रो. आणि समोरचा खेळाडू अगदी मोकळा, गोल करण्याच्या बेतात असताना आत उभं राहून त्याची संधी घालवली, तर थेट 7 मीटरवरून पेनल्टी.

म्हणून मी मुलांना बचाव शिकवताना मागे न बघता रेषा ओळखायला लावतो. सुरुवातीला टाचेमागे दोरी ठेवली की ती पायाला लागते आणि खेळाडू आपोआप पुढे सरकतो. बचाव रेषेच्या पुढे एक पाऊल राहिला की हा दोष निघून जातो.

आपल्याच कीपरला पास देता येतो का?

कीपर डीमध्ये उभा असेल तर नाही. बचाव करणाऱ्या खेळाडूने बॉल मुद्दाम आपल्याच डीमध्ये फेकला आणि कीपरने त्याला हात लावला, किंवा बॉल आत थांबला, तर समोरच्या संघाला फ्री थ्रो. तो गोलमध्ये गेला तर गोलही धरला जातो. फुटबॉल खेळून आलेल्यांची ही सवय मोडायला वेळ लागतो.

कीपर बॉल न घेता डीबाहेर आला की तो साधा खेळाडू होतो. तेव्हा त्याला पास द्या, तो खेळेल. पण त्याला बाकीच्यांचेच नियम लागतात आणि तो बॉल घेऊन पुन्हा डीमध्ये शिरू शकत नाही. त्याच्या शरीराचा कोणताही भाग रेषेबाहेर जमिनीला लागला की तो बाहेर आला असं धरतात.

गोलकीपरला पायाने बॉल अडवता येतो?

हो, डीमध्ये गोल वाचवताना शरीराचा कोणताही भाग चालतो, पायसुद्धा. हँडबॉलचे चांगले कीपर निम्मे बॉल पायानेच अडवतात असं वाटावं इतक्या उंच त्यांचे पाय जातात. मात्र बॉल डीमधून बाहेर, मैदानाकडे चालला असेल तर गुडघ्याखालच्या पायाने त्याला लागायचं नाही. बाकीच्या खेळाडूंना गुडघ्याखाली बॉल लावणं मुळातच मना आहे.

डीच्या आत कीपरला तीन पावलांचं आणि तीन सेकंदांचं बंधन नाही, पण वेळ काढायची मुभाही नाही. बाहेर जमिनीवर पडलेला किंवा घरंगळणारा बॉल त्याने आतून हात लांब करून घ्यायचा नाही, तिथे फ्री थ्रो जातो. आणि एक गोष्ट मुलांना नेहमी चकवते: कीपरच्या हाताला लागून बॉल गोलच्या बाजूने मागे बाहेर गेला तर कॉर्नर मिळत नाही, बॉल कीपरचाच राहतो. मधल्या बचावपटूला लागून तसाच बाहेर गेला, तर मात्र हल्ला करणाऱ्यांना कोपऱ्यावरून थ्रो-इन.

आता ‘पॅसिव्ह प्ले’. बॉल आमच्याकडे आहे, फाऊल नाही, तरी रेफरीने बॉल काढून घेतला. का?

कारण गोल करण्याचा दिसेल असा प्रयत्न न करता बॉल स्वतःकडे ठेवणं हाच नियमभंग आहे. थ्रो घेताना वारंवार वेळ काढणंही त्यातच येतं. कबड्डी बघणाऱ्यांना हे चटकन समजतं: दोन रिकाम्या चढायांनंतरची करो या मरो चढाई जशी संघाला गुण घ्यायला भाग पाडते, तसा हा नियम शॉट मारायला भाग पाडतो. फरक इतकाच की इथे ती वेळ आली आहे हे रेफरी ठरवतो.

रेफरी कशावरून ठरवतो? किती सेकंद मिळतात?

सेकंद ठरलेले नाहीत. बास्केटबॉलसारखं घड्याळ इथे नसतं, म्हणून “अजून तीस सेकंदही झाले नव्हते” असा वाद घालण्यात अर्थ नाही.

संघाला हल्ला उभा करायला वेळ मिळतो, खेळाडू बदलायलाही मिळतो. त्यानंतर रेफरी वेग बघतो. बॉल घेतलेला खेळाडू गोलकडे धावतोय की एका जागी उभा राहून टप्पे मारतोय? पास पुढे, बचावाच्या जवळ जातायत की 11-12 मीटरवर आडवेच फिरतायत? बॉल परत आपल्या अर्ध्या मैदानाकडे चाललाय का? हल्ला अर्धा उभा राहिल्यावर पुन्हा खेळाडू बदलायला संथपणे बाकाकडे जातायत का? यातलं काही दिसलं की रेफरी एक हात सरळ वर करतो. शिट्टी वाजत नाही, खेळ चालूच राहतो. हा इशारा.

हात वर गेल्यावर किती पास?

चार. चार पासांच्या आत शॉट गेला पाहिजे. 2016 मध्ये हा आकडा पहिल्यांदा आला तेव्हा सहा होता. 1 जुलै 2022 पासून चार झाला. जुने व्हिडिओ बघून शिकताना हे लक्षात असू द्या.

चौथा पास ज्याच्याकडे आला त्याने शॉट मारायचा. तो आपली पावलं टाकू शकतो, टप्पा मारू शकतो, पण पाचवा पास देऊ शकत नाही. समोरच्याच्या फाऊलमुळे साथीदाराला पास नीट घेता आला नाही, तर तो पास मोजत नाहीत. बचावपटूने पास ढकलून मैदानाबाहेर घालवला, तरी तो मोजायचा नाही.

एखादं उदाहरण घेऊन सांगा.

समजा निळा संघ 21–20 ने पुढे आहे आणि सामन्याची चार मिनिटं उरली आहेत. निळ्यांना घाई नाही. लेफ्ट बॅक 12 मीटरवर उभा राहून टप्पे मारतोय. रेफरीचा हात वर जातो.

लेफ्ट बॅक सेंटरला देतो, एक. सेंटर राइट बॅकला, दोन. राइट बॅक आत घुसतो, लाल बचावपटू त्याचा हात धरतो, शिट्टी. फ्री थ्रो निळ्यांना, पण मोजणी शून्यावर जात नाही. दोन झालेत ते झालेच, आणि इशारा कायम आहे. राइट बॅक फ्री थ्रो घेऊन सेंटरला देतो. हा तिसरा, कारण फ्री थ्रोने दिलेला पासही पासच असतो. सेंटर डाव्या विंगरकडे, चार. विंगर उडी मारून शॉट घेतो, तो लाल बचावपटूच्या हाताला लागून गोलच्या बाजूने मागे बाहेर जातो.

इथे बहुतेकांना वाटतं की आता मोजणी नव्याने सुरू. तसं नाही. चौथ्या पासानंतरचा शॉट बचावपटूने अडवला आणि बॉल पुन्हा हल्ला करणाऱ्यांकडेच आला, तर त्यांना फक्त एक जादा पास मिळतो. चौथ्या पासानंतर फ्री थ्रो मिळाला तरी तसंच. विंगर कोपऱ्यावरून थ्रो-इन घेऊन लेफ्ट बॅकला देतो, तो जादा पास वापरून झाला. लेफ्ट बॅकला आता मारायलाच हवं. त्याला जागा दिसत नाही, तो पिव्हटला देतो, आणि शिट्टी वाजते. बॉल होता त्या जागेवरून लाल संघाला फ्री थ्रो.

त्या क्षणी लेफ्ट बॅक किंवा पिव्हट, ज्याच्या हातात बॉल असेल त्याने तो लगेच खाली ठेवायचा. नाराज होऊन हातात धरून ठेवला किंवा दूर फेकला तर दोन मिनिटं बाहेर. 21–20 अशा सामन्यात ती दोन मिनिटं गेलेल्या बॉलपेक्षा महाग पडतात.

मग रेफरीचा हात खाली कधी येतो?

वरच्याच उदाहरणात दोन ठिकाणी आला असता. विंगरचा शॉट लाल कीपरला किंवा गोलच्या खांबाला लागून निळ्यांकडे परत आला असता, तर इशारा संपला असता आणि त्यांना नव्याने हल्ला उभा करता आला असता. किंवा राइट बॅकचा हात धरणाऱ्याला रेफरीने पिवळं कार्ड किंवा दोन मिनिटं दिली असती, तरी इशारा संपला असता. म्हणजे बचाव करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायचं: समोरच्यांवर हात वर गेलेला असताना केलेला दांडगा फाऊल त्यांची सुटका करतो. तेव्हा हात बाजूला ठेवून, पायांनी वाट अडवून उभं राहणं जास्त फायद्याचं.

इशारा न देता थेट शिट्टी वाजू शकते का?

क्वचित, पण हो. खेळाडू अगदी मोकळा आहे, समोर फक्त कीपर आहे, आणि तो मुद्दाम शॉट न मारता बॉल मागे देतो, तेव्हा रेफरी सरळ फ्री थ्रो देऊ शकतो.

आमचा एक खेळाडू दोन मिनिटं बाहेर असेल तर वेळ काढायला सूट मिळते?

नाही, कमी खेळाडूंच्या संघाला वेगळा नियम नाही. म्हणूनच अनेक संघ अशा वेळी कीपरला बाहेर बोलावून त्याच्या जागी सहावा हल्लेखोर आत घेतात. पण तो खेळाडू कीपर नसतो. बॉल हरवला, समोरच्याने आपल्या रिकाम्या गोलवर लांबून फेकला आणि हा धावत जाऊन डीमध्ये शिरून अडवू लागला, तर ती पेनल्टी. त्याने डीबाहेरून हवेतला बॉल अडवावा किंवा बाकाकडे धावून कीपरला आत येऊ द्यावं.

हात वर गेला की संघाने नेमकं काय करायचं?

आधी कोणीतरी मोठ्याने ओरडायचं, कारण बॉल हातात असलेल्याची नजर गोलकडे असते आणि रेफरी त्याच्या पाठीमागे असू शकतो. हे काम बाकावरच्यांना द्या, आणि पासही त्यांनीच मोठ्याने मोजावेत.

दुसरं, चौथा पास कोणाकडे जाणार हे आधी ठरवून ठेवा. नवे संघ पहिले तीन पास घाबरून आडवे देतात आणि चौथा ज्याच्या हाती पडतो तो 10 मीटरवरून, तीन बचावपटूंच्या हातांवर मारतो. त्यापेक्षा पहिल्या दोन पासांत बचाव एका बाजूला ओढा, तिसरा पास वेगात विरुद्ध बाजूला द्या, आणि चौथा हातात राखून ठेवा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या पासावर चांगली जागा मिळाली तर तिथेच मारा. चार पास पूर्ण केलेच पाहिजेत असं काही नाही.